निकालानंतर गुणनोंदीतली चूक: अर्ज करण्याआधी

मॅडम, एका मुलाचे गुण चुकीचे नोंदले गेले म्हणून लगेच अर्जाची घाई नको. आधी मूळ गुणपत्रक काढून त्या मुलाच्या वरचे-खालचे आसन क्रमांक ताडून बघा. २३ चे ३२ झाले असतील तर चूक एकट्याची. पण नोंदवताना ओळ सरकली असेल तर खालच्या सगळ्यांचेच गुण चुकलेले असतात. मग सगळ्यांचा एकच अर्ज करा. दर आठवड्याला नवा अर्ज गेला की संशय येतो.

अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, प्राचार्यांमार्फत. त्यात:
- आसन क्रमांक, विषयाचा कोड
- नोंदलेले आणि खरे गुण, अंकी व अक्षरी
- मूळ गुणपत्रकाची साक्षांकित प्रत

‘गुण वाढवावेत’ नव्हे, ‘नोंद दुरुस्त करावी’ असं लिहा. गुण कमी होणार असले तरी कळवायचंच. मूळ कागदावर खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. आणि रत्नागिरीहून मुलाला मुंबईला विद्यापीठात पिटाळू नका. अर्ज कॉलेजनेच पाठवायचा, आवक क्रमांकाची पोच आपल्याकडे ठेवायची.