मंडईच्या नाटकासाठी स्पॉन्सरचं पत्र: दुकानदाराचा फायदा कसा दाखवायचा?

प्रश्न: आमचं गाव ब्रम्हपुरी तालुक्यात हाय. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, त्या रात्री मंडळातर्फे तिकिटावर नाटक ठेवतो, गेल्या वर्षी बाराशेच्या वर तिकिटं खपली. दुकानदारांना पत्र देतो, त्यात मंडळाचा इतिहास अन् शेवटी "सढळ हाताने सहकार्य करावे", पण कोणी ५०१ च्या वर देत नाही. पत्रात काय बदलू?

उत्तर: भाऊ, "सहकार्य करावे" वाचलं की दुकानदार त्याला वर्गणी समजतो, अन् वर्गणीचा आकडा त्याच्या डोक्यात आधीच ठरलेला असते. तुम्ही त्याला जाहिरातीची जागा विकून राहिले हे पहिल्या दोन ओळीतच दिसलं पाहिजे. मंडळाचा इतिहास एका ओळीत शेवटी टाका, आणि सगळ्यांना एकच झेरॉक्स देऊ नका, निदान वरचा पॅरा तरी दुकानानुसार बदला.

कापड दुकानाचंच घ्या. मंडईला लेकी-जावई, पाहुणे गावात येतात, रात्री नाटकाला आजूबाजूच्या गावच्या बाया घरच्यांसोबत येऊन पहाटेपर्यंत बसतात. धान निघाले असतात किंवा निघायचे असतात, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, म्हणजे बस्ता कुठून काढायचा ही बोलणी त्याच दिवसात घरोघरी चालू असते. हे सगळे लोक त्याला एका रात्री एका जागी मिळतात, आणि हे त्याला तुमच्या पत्राशिवाय कोणी सांगत नाही. मी सुरुवात अशी करीन:

"मंडईच्या रात्री आमच्या गावच्या नाटकाला परिसरातले लोक कुटुंबासह येतात. गेल्या वर्षी १,२०० च्या वर तिकिटे विकली गेली. यातल्या बऱ्याच घरी यंदा लग्न आहे. बस्ता काढायच्या आधी आपल्या दुकानाचे नाव त्यांच्यापर्यंत पोचावे यासाठी हा प्रस्ताव."

आकडा तिकिटाच्या बुकातून काढा, "हजारोंचा जनसमुदाय" लिहू नका, व्यापाऱ्याला तो शब्द पाठ आहे. कोणकोणत्या गावचे लोक येतात ती नावंही लिहा, त्याचं गिऱ्हाईक त्याच गावातून येत असते म्हणून तो ती ओळ दोनदा वाचते.

मग त्याला काय मिळेल ते मोजता येईल असं लिहा. सगळ्यात कामाची जागा म्हणजे तिकिटाची मागची बाजू. तिकीट तसंही छापताच, मागे एकाच दुकानाचं नाव टाका अन् खाली "हे तिकीट दाखवा, बस्त्यावर एक साडी भेट" किंवा तो जे देईल ते. सीझन संपल्यावर त्याच्या गल्ल्यात किती तिकिटं जमा झाली ते तो स्वतः मोजू शकते, पुढच्या वर्षी तुम्हाला वेगळं पटवायची गरजच नाही. दुसरी जागा अंकांच्या मधली अनाउन्समेंट, पण हे नाटक कंपनीच्या मॅनेजरशी सौदा करतानाच बोलून ठेवा, नाहीतर ऐनवेळी पडदा उघडतो अन् तुमचा माणूस माईक घेऊन विंगेत उभा राहतो. सुरुवातीला वीस नावं एका दमात वाचण्यात काही अर्थ नाही, तेव्हा लोक जागा शोधत असतात. बॅनर तिकीट खिडकीजवळ लाइटखाली लावा, मंडपाच्या मागे अंधारात लावलेला कोणाला दिसत नाही.

रक्कम "यथाशक्ती" ठेवू नका. तिकिटाची मागची बाजू २१,०००, मधली अनाउन्समेंट अन् बॅनर ११,०००, नुसता बॅनर ५,००० असं काहीतरी, तुमच्या बाजारपेठेच्या हिशोबानं. सोबत एक ओळ नक्की टाका: "कापड व्यवसायातून एकच प्रायोजक घेतला जाईल." आणि ती पाळा, नाहीतर शेजारच्या दुकानाचा बॅनर पाहून तो पुढच्या वर्षी तुम्हाला दारात उभं करणार नाही.

पैशाचंही लिहा. मंडळाकडे ८०जी नसेल तर "करसवलत मिळेल" असं अजिबात लिहू नका. त्याऐवजी "जाहिरातीचे बिल व पावती मंडळाच्या नावाने मिळेल" लिहा, त्याचा सीए ते धंद्याच्या खर्चात दाखवू शकते. फक्त एका दिवसात एका पार्टीला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च इन्कम टॅक्समधे धरत नाहीत, म्हणून वरच्या दोन रकमा मंडळाच्या खात्यावर चेकनं किंवा यूपीआयनं मागा.

पत्र दसऱ्याच्या आसपास हातोहात द्या, बाजाराचा दिवस सोडून दुपारी. दिवाळीच्या आठवड्यात कापडवाल्याला मान वर करायला वेळ नसतो, अन् तोपर्यंत तुमची तिकिटंही छापून झाली असतात. शेवटी एकाच माणसाचा मोबाईल नंबर अन् "अमुक तारखेपर्यंत कळवावे, त्यानंतर तिकिटे छपाईला जातील" एवढं पुरे. नाटक झालं की आठ दिवसात बॅनरचा गर्दीसकट फोटो त्याच्या व्हॉट्सअॅपवर टाका अन् बिल स्वतः नेऊन द्या.