वज्री, वेगळा टॉवेल आणि जावेचा मुलगा

“मला सोरायसिस आहे. अंथरुणात खपल्या पडतात. सासूबाई माझा टॉवेल वेगळा ठेवतात आणि लहान मुलांना जवळ घेऊ देत नाहीत. माझं खरंच त्यांना लागेल का?”

नाही, लागणार नाही. पण एवढ्यावर घरातल्यांचं समाधान होत नसतं. म्हणून एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव बदललं आहे, मीनाताई म्हणू.

मी एका त्वचारोग विभागात समुपदेशक आहे. मीनाताई आल्या तेव्हा वय चौतीस, कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कमरेवर लालसर जाड चट्टे, वर चंदेरी पापुद्रा. केसांतही खपल्या, ज्याला त्या दोन वर्षं कोंडाच समजत होत्या. सोबत सासूबाई होत्या, आणि तक्रार त्यांचीच होती: “हिचं पसरत चाललंय, आता धाकट्या जावेच्या पोराच्या पाठीवरही उठलंय.”

घोळ होता तो “पसरतंय” या शब्दात. एकाच माणसाच्या अंगावर चट्टे वाढणं वेगळं आणि एकाचं दुसऱ्याला लागणं वेगळं. मीनाताईंचे चट्टे वाढत होते हे खरं, पण का? मी रोजची आंघोळ कशी करता ते विचारलं. खपल्या घरात पडू नयेत म्हणून त्या रोज वज्रीने कोपरं-गुडघे घासायच्या, रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत. सोरायसिस असलेल्या त्वचेला जिथे इजा होते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. म्हणजे घरच्यांना लागेल या भीतीने घासायचं, घासल्यामुळे वाढायचं, आणि वाढलं की घरचे म्हणायचे, बघा, पसरतंय.

मुलाला मी पुढच्या वेळी घेऊन या म्हटलं. डॉक्टरांनी दोघांच्या चट्ट्यांवरून थोडा पापुद्रा खरवडला, पोटॅशच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मुलाच्या नमुन्यात बुरशीचे धागे होते. तो नायटा होता: गोल, कडा उठलेली, मधे निवळलेला. तो मात्र कपड्यांतून, टॉवेलमधून लागतो. मीनाताईंच्या नमुन्यात बुरशी नव्हती. नायटा आपल्या काकूकडून आला नव्हता, कारण तिच्याकडे तो नव्हताच. सासूबाईंनी दोन्ही काचपट्ट्यांत डोकावून पाहिलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

सोरायसिसमध्ये जंतू नसतो, म्हणून लागायला काही नसतंच. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्वचेला घाई करायला लावते. त्वचेची नवी पेशी वर येऊन गळायला साधारण २८ दिवस लागतात, इथे ते काम ४-५ दिवसांत उरकतं. अर्धवट तयार पेशींचा ढीग साचतो, तीच खपली. अंथरुणात पडते ती फक्त मेलेली त्वचा, झाडून टाकली की संपलं. प्रवृत्ती घराण्यातून येऊ शकते, पण ती रक्ताच्या नात्यातून, टॉवेलमधून नव्हे.

दुसरी गोष्ट खोदून विचारल्यावर निघाली. आदल्या वर्षी त्यांनी कोणाकडून तरी पुड्या आणल्या होत्या. महिनाभरात अंग स्वच्छ झालं, पुड्या संपल्या आणि दुपटीने उठलं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस उसळतो, कधी सगळं अंग लाल होऊन माणसाला दाखल करावं लागतं. घशाचा संसर्ग, थंडी, ताण, दारू, सिगारेट आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही तो वाढवतात. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायची, पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

मीनाताईंना आंघोळीनंतर ओल्या अंगावर व्हॅसलीन, चट्ट्यांवर ठरावीक आठवडे स्टेरॉइड आणि कॅल्सिपोट्रिऑलचं मलम, केसांना कोलटारचा शाम्पू दिला. एवढ्यावर कमरेचे चट्टे हटले नाहीत, तेव्हा आठवड्यातून तीनदा अतिनील किरणांचे शेक सुरू झाले. काहींना मेथोट्रेक्झेट लागतं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून मी पाकिटावर वार लिहून देते. आणि मूल हवं असेल तर ते आधी सांगायचं. सकाळी बोटं किंवा टाच आखडत असेल, सांधे सुजत असतील, तर तेही बोलायचं, कारण हाच आजार सांध्यांतही उतरतो.

मुळापासून बरा होतो असं मी कोणाला सांगत नाही. मीनाताईंचे चट्टे चार महिन्यांत फिकट डाग होऊन राहिले. पुढच्या थंडीत कोपरावर पुन्हा एक उठला, तेव्हा त्या घाबरल्या नाहीत, मलम काढलं आणि तारीख लिहून ठेवली. टॉवेल आता एकाच दांडीवर वाळतात. वज्री मात्र सासूबाईंनी टाकलेली नाही, त्यांच्या टाचांना लागते म्हणे.