माल कोल्हापुरातच उतरला, तरी आयजीएसटी?

*वकीलसाहेब, कोल्हापुरात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. जानेवारी 2026 मध्ये बेळगावच्या एका व्यापाऱ्याने 400 वह्या आणि 50 हजेरी रजिस्टरं मागवली आणि माल थेट इथल्याच एका शाळेत पोचवायला सांगितला. माल राज्याबाहेर गेलाच नाही, म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी लावला. दोन्हींचा एचएसएन 4820, म्हणून दोन्हींवर 18 टक्के. बिल 23,600 चं. आता तो म्हणतो बिल चुकलंय, आणि पैसे अडवून बसलाय. कर तर मी भरूनही टाकला. काय करू?*

व्यापाऱ्याचं म्हणणं खरं आहे. त्याने एक चूक पकडली आहे, पण बिलात दोन आहेत.

आधी कराचा प्रकार. टेम्पो कुठे रिकामा झाला एवढ्यावरच राज्यांतर्गत की आंतरराज्य हे ठरत नाही. आयजीएसटी कायद्याच्या कलम 10(1)(ब) नुसार, एकाच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याला पोचवला, तर सांगणाऱ्यालाच माल मिळाला असं धरतात आणि पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे त्याच्या व्यवसायाचं मुख्य ठिकाण. तुमचा गिऱ्हाईक शाळा नव्हे, बेळगावचा व्यापारी. त्याचा जीएसटी नंबर 29 ने, म्हणजे कर्नाटकाच्या कोडने सुरू होत असणार. तुम्ही महाराष्ट्रात, पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक, म्हणून आयजीएसटी. (शाळेला तो स्वतंत्र बिल देईल, तेही आयजीएसटीचंच.) तुम्ही लावलेल्या महाराष्ट्राच्या सीजीएसटी-एसजीएसटीचं क्रेडिट त्याला कर्नाटकात मिळत नाही. म्हणून तो अडून बसला आहे. पैसे बुडवण्याचा डाव दिसत नाही.

आता दर, आणि इथे बहुतेक दुकानदार फसतात. कोड सारखा म्हणजे दर सारखा, असं नसतं. 4820 या एकाच शीर्षकात वह्या, रजिस्टरं, हिशेबाच्या चोपड्या, डायऱ्या, लेटरपॅड सगळंच येतं. सहा आकडी कोड लिहिलात तरी सुटका नाही, कारण 4820 10 मध्ये वह्या आणि रजिस्टरं शेजारी-शेजारीच बसतात. दर ठरतो तो दरपत्रकातल्या कोडासमोरच्या वर्णनावर. सरावाच्या वह्या, आलेखवह्या, प्रयोगवह्या आणि साध्या वह्या यांवर पूर्वी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून काहीच नाही. रजिस्टरं मात्र 18 टक्क्यांतच राहिली. दरपत्रक स्वतः उघडाल तेव्हा आणखी एक सांभाळा: केंद्रीय कराच्या अधिसूचनेत 9 टक्के लिहिलेलं असतं. तो फक्त केंद्राचा वाटा असतो, राज्याचा तेवढाच वेगळा, आणि आयजीएसटी लागला की एकाच रकान्यात 18.

तुमच्या बिलातल्या ओळी तपासा. वह्या 12,000 च्या, त्यांवर तुम्ही 1,080 अधिक 1,080 लावले. लागायला हवे होते शून्य. रजिस्टरं 8,000 ची, त्यांवर 720 अधिक 720 लावले; लागायला हवा होता आयजीएसटी 1,440. खरं बिल 21,440 चं. म्हणजे 2,160 रुपये तुम्ही जादा लावले.

दुरुस्तीचे मार्ग दोन आहेत, आणि त्यांची भेसळ करायची नाही.

मला पहिला सोपा वाटतो. जुन्या बिलाच्या पूर्ण रकमेची क्रेडिट नोट सीजीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली द्या आणि आयजीएसटीचं नवं बिल करा. दोन्हींवर जुन्या बिलाचा नंबर आणि तारीख घाला. क्रेडिट नोट ज्या महिन्यात द्याल त्या महिन्याच्या विवरणात दाखवा, म्हणजे जुना कर तिथेच वजा होईल. 2025-26 च्या बिलासाठी याची मुदत 30 नोव्हेंबर 2026, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलंत तर त्या दिवसापर्यंत. व्यापाऱ्याने चुकून जुन्या बिलाचं क्रेडिट घेतलं असेल, तर त्याने ते आधी उलटवल्याचं लेखी घ्या. त्याने पैसे दिलेले नाहीत, हे इथे तुमच्या पथ्यावरच पडतं: 2,160 चा बोजा त्याच्यावर गेला, असं कुणी म्हणू शकत नाही.

मुदत हुकली तर दुसरा मार्ग. 1,440 आयजीएसटी भरा. चुकीच्या प्रकारात कर भरलेला असल्याने आयजीएसटी कायद्याच्या कलम 19(2) प्रमाणे यावर व्याज लागत नाही. मग सीजीएसटी कायद्याच्या कलम 77 खाली आरएफडी-01 भरून रजिस्टरांवरचे 720 अधिक 720 परत मागा. त्यासाठी आयजीएसटी भरल्यापासून दोन वर्षं मिळतात. पण त्याच व्यवहाराची क्रेडिट नोट आधीच दिली असेल, तर हा परतावा मिळत नाही. वह्यांवरचे 2,160 कलम 77 मध्ये बसत नाहीत. ती प्रकाराची चूक नाही, नुसता जादा कर आहे. त्याचा परतावा कलम 54 खाली वेगळा मागावा लागेल.

तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दर बहुधा 4820 या कोडाला चिकटवलेला आहे. तो प्रत्येक मालाच्या नावाला लावून घ्या, आणि 22 सप्टेंबर 2025 नंतर वह्यांवर कर लावलेली इतर बिलंही शोधा. हे एकच नसणार.

एक प्रश्न मात्र व्यापाऱ्याला विचारा. माल शाळेने घेतला, की त्याच्याच कोल्हापुरातल्या गोदामात उतरला आणि तिथून शाळेत गेला? गोदामात उतरला असेल, तर वर सांगितलेलं कलम सरळ लागू होत नाही, आणि रजिस्टरांवरचा तुमचा सीजीएसटी-एसजीएसटी बरोबर ठरू शकतो. पोचपावतीवर सही कुणाची आहे ते पाहून मगच क्रेडिट नोट काढा.