चित्रपट परीक्षणात मत कशावर टेकवायचं? ‘श्वास’चा नमुना

प्रश्न: बारावीच्या पेपरात चित्रपट परीक्षण येतं. दीडशे-पावणेदोनशे शब्दांत कथा, स्वतःचं मत आणि शिफारस असं सगळं हवं असतं. माझी कथाच पानभर होते आणि मत म्हणून ‘अभिनय उत्तम, दिग्दर्शन उत्तम, सर्वांनी जरूर पाहावा’ एवढंच उरतं. कुणी एक नमुना लिहून दाखवेल का?

उत्तर:

नमुना आधी देते, मग तो असाच का लिहिला ते सांगते. चित्रपट ‘श्वास’ घेतला आहे, कारण त्यात पात्रं मोजकी आहेत आणि पेच एका वाक्यात सांगता येतो. परीक्षेत लेखी भाषा लागते, म्हणून नमुन्यात ‘सांगितलं’ न लिहिता ‘सांगितले’ लिहिलं आहे. तूही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच रूप ठेव.

> ‘श्वास’ : खरे सांगण्याची कसोटी
>
> संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) हा आजोबा आणि नातवाच्या नात्यावरचा मराठी चित्रपट आहे. कोकणातल्या खेड्यातला लहानगा परशुराम डोळे दाखवण्यासाठी आजोबांबरोबर शहरात येतो. त्याला डोळ्यांचा कर्करोग असल्याचे निदान होते. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. हे शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. ते कोणी आणि कसे सांगायचे, या पेचावर चित्रपट उभा आहे.
>
> अरुण नलावडे यांनी साकारलेल्या आजोबांची घालमेल संवादांपेक्षा चेहऱ्यावर अधिक दिसते, त्यामुळे प्रेक्षकही त्यांच्याबरोबर अडकून पडतो. अश्विन चितळे या बालकलाकाराचा परशुराम नुसता बिचारा वाटत नाही. तो चिडतो, हट्ट करतो आणि म्हणूनच खरा वाटतो. कोकणातली हिरवाई आणि रुग्णालयाच्या भिंती दिग्दर्शकाने समोरासमोर ठेवल्या आहेत. मुलगा काय गमावणार आहे, हे त्यामुळे वेगळे सांगावे लागत नाही. काही ठिकाणी वैद्यकीय बोलणी लांबतात आणि गती मंदावते. तरीही पकड सुटत नाही, कारण इथे कोणीच खलनायक नाही. डॉक्टरही तितकेच अवघडलेले आहेत.
>
> किशोरवयीन मुलांनी आणि पालकांनी हा चित्रपट एकत्र पाहावा. आजाराविषयी मुलांशी खरे बोलावे का, हा प्रश्न तो दोघांपुढेही ठेवतो. अगदी लहान मुलांना मात्र रुग्णालयातले प्रसंग जड जातील.

आता कथेकडे बघ. तुझं पान कथेतच भरतं, कारण कुठे थांबायचं हे लिहायला बसण्याआधी ठरलेलं नसतं. एकामागून एक प्रसंग आठवत जातात आणि हात चालत राहतो. मी कथा ‘कोणी आणि कसे सांगायचे’ इथे थांबवली आहे. पुढे काय होतं हे मला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला कळायला हवा तो पेच, त्याचं उत्तर नाही. कुठल्याही चित्रपटात अशी एक जागा सापडते, जिथे मुख्य पात्रापुढे दोन वाटा येतात आणि दोन्हींची किंमत मोठी असते. तिथे पूर्णविराम द्यायचा. नमुन्यात कथेला पाच लहान वाक्यं लागली. सातव्या-आठव्या वाक्यातही तू अजून ‘मग’ आणि ‘त्यानंतर’ लिहीत असशील, तर परीक्षणाचा सारांश झाला असं समज. त्या क्षणी तिथेच थांबून नवा परिच्छेद सुरू करावा, खोडाखोड करत बसू नये.

खरी अडचण मताची आहे. ‘अभिनय उत्तम’ हे वाक्य खोटं नाही, पण ते कुठल्याही चित्रपटाला चिकटतं, आणि पेपर तपासताना तेच लगेच जाणवतं. तुझ्या प्रत्येक मताला एक कसोटी लाव. त्या वाक्यात दुसऱ्या एखाद्या चित्रपटाचं नाव घालून बघ. वाक्य तसंच्या तसं चाललं, तर ते अजून मत झालेलं नाही.

‘दिग्दर्शन उत्तम’ याचं रूपांतर करून दाखवते. आधी विचारायचं, पडद्यावर नेमकं काय दिसलं ज्यामुळे मला असं वाटलं? ‘श्वास’मध्ये गाव हिरवं, मोकळं दिसतं आणि रुग्णालय बंदिस्त. ही झाली पाहिलेली गोष्ट. पण नुसतं ‘कोकणचं निसर्गसौंदर्य सुंदर टिपलं आहे’ असं लिहिलं तर आपण पुन्हा फसतो, कारण ते वर्णन पर्यटनाच्या माहितीपटालाही लागू पडेल. म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा, या गोष्टीने कथेत काय साधलं? हा मुलगा लवकरच काही पाहू शकणार नाही. आपण ती हिरवाई बघत असतो तेव्हा त्याच्या हातून जाणार आहे ते आपल्या डोळ्यांपुढे असतं. आता दोन्ही उत्तरं जोडली की वाक्य तयार होतं: हिरवाई आणि भिंती समोरासमोर ठेवल्या आहेत, त्यामुळे मुलगा काय गमावणार हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘उत्तम’ हा शब्द कुठेच आलेला नाही, तरी दिग्दर्शकाचं कौतुक पोहोचलं.

अभिनयाचंही तसंच. ‘बालकलाकाराने सुंदर काम केलं आहे’ असं सगळेच लिहितात. परशुराम चिडतो, हट्ट करतो, हे पाहिलेलं आहे. त्याचा परिणाम असा की आपल्याला त्याची नुसती कीव येत नाही, एक खरंखुरं मूल समोर असल्यासारखं वाटतं. अश्विन चितळेला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘श्वास’लाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ही माहिती मी नमुन्यात मुद्दाम घातली नाही. जागा उरली तर पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात ती द्यायला हरकत नाही. पण मताच्या परिच्छेदात ‘राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, यावरूनच दर्जा कळतो’ असं लिहिलं की ते परीक्षक मंडळाचं मत होतं, तुझं राहत नाही.

अशी मतं दोन किंवा तीन पुरेत. संगीत, संकलन, वेशभूषा, ध्वनी अशी हजेरी घेण्याच्या नादात प्रत्येकाला अर्धं वाक्य मिळतं आणि अर्ध्या वाक्यात कारण मावत नाही. प्रश्नात मुद्दे दिलेले असतील तर ते सगळे यायलाच हवेत. पण तिथेही एखाद्या मुद्द्यावर एक साधं वाक्य लिहून पुढे जावं आणि ज्याबद्दल खरंच काही सांगायचं आहे तिथे दोन-तीन वाक्यं खर्चावीत.

उणीव लिहायला मुलं बिचकतात. चित्रपट आवडला असेल तरी एक उणीव जरूर लिही, त्याने तुझी स्तुतीही विश्वासाची वाटते. मात्र ती कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे. ‘थोडा संथ वाटतो’ म्हटलं की प्रश्न उरतो, कुठे? नमुन्यात वैद्यकीय बोलण्यांकडे बोट दाखवलं आहे. लगेच पुढच्या वाक्यात ‘तरीही’ येतं आणि त्यालाही कारण आहे, की इथे खलनायक नाही. उणिवेनंतर कारण न देता ‘पण एकंदरीत चित्रपट छान आहे’ असं लिहिलंस, तर आधीचं वाक्य वाया जातं. आणि चित्रपट आवडलाच नसेल तर तसं सरळ लिहावं. नावडल्याचे गुण कापले जात नाहीत, कारण न दिल्याचे जातात.

शिफारशीत सर्वांत जास्त मुलं ‘सहकुटुंब पाहावा असा चित्रपट’ लिहून मोकळी होतात. शिफारस म्हणजे एखाद्याला आपण ‘तू बघ’ म्हणतो ते. त्यात कोण, का आणि कोणी जपून, या तीन गोष्टी आल्या की ती पुरी होते. ‘श्वास’साठी मी किशोरवयीन मुलं आणि पालक असं म्हटलं, कारण पेच नेमका या दोघांमधला आहे: मोठ्यांनी किती सांगायचं आणि लहानांना किती कळायला हवं. लहान मुलांना मी बाजूला ठेवलं, तेही कारण देऊन. ज्या शिफारशीतून कोणीच वगळलं जात नाही ती बहुधा विचार न करता लिहिलेली असते. तारे किंवा दहापैकी गुण द्यायचा मोह होतो, पण आधी कारणं लिहिलेली नसतील तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

मत आणि शिफारस एकमेकांना धरून आहेत ना, तेही बघ. मधल्या परिच्छेदात अभिनय आणि नात्याबद्दल लिहून शेवटी ‘सामाजिक संदेशासाठी जरूर पाहावा’ म्हटलं, तर तो संदेश वाचणाऱ्याला आधी कुठेच भेटलेला नसतो. नमुन्यात ‘खरे सांगणे’ हा धागा शीर्षकात आहे, कथेच्या शेवटच्या वाक्यात आहे आणि शिफारशीतही आहे. म्हणून मी सुचवेन की उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर कच्चं लिहिताना शिफारशीचं वाक्य सगळ्यांत आधी लिही. हा चित्रपट मी कोणाला दाखवेन आणि का, हे ठरलं की कथेतला कोणता पेच सांगायचा आणि कोणती दोन मतं निवडायची ते आपोआप ठरतं.

चित्रपट मात्र परीक्षेच्या दालनात निवडू नकोस. दोन चित्रपट आधीच पक्के करून ठेव, एक गंभीर आणि एक हलकाफुलका, म्हणजे प्रश्न कसाही आला तरी एक बसेल. दहा-बारा पात्रं आणि तीन उपकथानकं असलेला चित्रपट कितीही आवडता असला तरी इतक्या शब्दांत मावत नाही. दोघांबद्दलही वर्ष, दिग्दर्शक, दोन कलाकारांची अचूक नावं आणि मनात राहिलेले दोन प्रसंग वहीत लिहून ठेव. संगीतकाराचं नाव नीट आठवत नसेल तर ते गाळावं, अंदाजाने लिहू नये. चुकलेलं नाव डोळ्यांत खुपतं, नसलेलं नाव कोणी शोधत नाही.

कथा सांगताना वर्तमानकाळ ठेव: येतो, होते, सांगतात. भूतकाळात सुरुवात केली की लेखन नकळत गोष्ट सांगण्याकडे वळतं. चित्रपटाचं नाव दरवेळी एकेरी अवतरणचिन्हात लिही. ‘मला असे वाटते की’ ने प्रत्येक मत सुरू करायची गरज नाही. परीक्षण तुझं आहे, त्यातली मतं तुझीच असणार.

तुझ्या मनात जो चित्रपट असेल त्यावर आधी फक्त मधला परिच्छेद लिही आणि इथे टाक. कथा नसली तरी चालेल. त्या परिच्छेदावरून बाकीचं कुठे अडतंय ते सांगता येईल.