फ्रिस्कोत गाडीशिवाय पहिले काही महिने

प्रश्न: "ऑगस्टमध्ये मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी पुण्याहून डॅलसजवळ फ्रिस्कोला येतोय. ऑफिस प्लेनोच्या लेगसी भागात आहे. सुरुवातीला मावसभावाकडे राहू, मग अपार्टमेंट घेऊ. अमेरिकेचं लायसन्स नाही, गाडी लगेच घेणार नाही. बस, उबर आणि भावाची मदत यावर निभावेल का?"

निभावेल. पण बस तुमच्या हिशेबातून काढून टाका. फ्रिस्कोत शहर बस नाहीच. डॅलस परिसरातली बस आणि रेल्वे चालवते ती डार्ट, आणि तिचा खर्च सभासद शहरांच्या विक्रीकरातल्या एक टक्क्यातून चालतो. टेक्सासमध्ये शहरांना विक्रीकरात फक्त दोन टक्के वाटा मिळतो. प्लेनोने त्यातला एक डार्टला दिला. फ्रिस्कोने तो उद्योग आणण्यासाठी आणि शहरातल्या सोयींसाठी वापरला. म्हणून प्लेनोत डार्ट आहे आणि रस्ता ओलांडून फ्रिस्कोत आलं की नाही. फ्रिस्कोत जी थोडी सरकारी वाहनसेवा मिळते, ती मुख्यतः ज्येष्ठ आणि अपंग नागरिकांसाठी आहे.

तो रस्ता म्हणजे १२१, सॅम रेबर्न टोलवे. तुमच्या सगळ्या आखणीत हा एकच रस्ता लक्षात ठेवा, कारण लेगसी त्याच्या दक्षिणेला प्लेनोत आहे आणि भावाचं घर बहुधा उत्तरेला फ्रिस्कोत असेल. अंतर म्हणाल तर पाच-सहा मैल. पुण्यात आपण एवढं अंतर रिक्षाने जातो आणि दमलो तर मधे उतरून चहा घेतो. इथे मुख्य रस्ते सहा पदरी, वसाहती कुंपणाच्या आत, आणि घरांची पाठ रस्त्याकडे. नकाशात समोर दिसणारं दुकान गाठायला वसाहतीच्या एकमेव फाटकातून वळसा घालावा लागतो. ऑगस्टमध्ये दुपारी तापमान चाळीस अंशांवर जातं, तेव्हा मुलीला घेऊन एक मैलसुद्धा चालू नका.

आता हिशेब. घर ते ऑफिस एका फेरीला उबर किंवा तसल्याच लिफ्ट ॲपच्या गाडीचे टिपसकट 14 डॉलर धरा, सकाळी आठला आणि पावसात त्याहून जास्त. महिन्याचे 22 दिवस, रोज दोन फेऱ्या, म्हणजे 616 डॉलर. हा फक्त ऑफिसचा खर्च झाला. म्हणून माझं स्पष्ट मत, अपार्टमेंट १२१ च्या दक्षिणेला, प्लेनोत बघा. तिथे डार्टची गोलिंक नावाची सेवा आहे. गोपास ॲपवर बोलावली की छोटी व्हॅन किंवा गाडी येते आणि ठरलेल्या झोनमध्ये कुठेही सोडते, साध्या बसच्या भाड्यात. अट एवढीच की उतरण्याचं आणि चढण्याचं ठिकाण त्याच झोनमध्ये असावं, किंवा झोनला जोडलेल्या स्टेशनवर. घराच्या करारावर सही करण्याआधी पत्ता आणि ऑफिस दोन्ही एकाच झोनमध्ये येतात का, हे ॲपमध्ये टाकून बघा. दलाल "लेगसीला अगदी लागून" म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. झोन बदलतातही, कारण प्लेनो आणि डार्टमध्ये पैशांवरून वाजत असतं. आणि गोलिंकला पंधरा-वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा. महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी उबरच.

उबरची तयारी भारतातच करा. तुमचं भारतातलं खातं इथे चालतं, पण यूपीआय चालत नाही. क्रेडिट कार्ड लागेल आणि त्यावर परदेशातले ऑनलाइन व्यवहार सुरू असावे लागतील. 2020 पासून आपल्या बँका नवीन कार्डांवर हे बंदच ठेवून देतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावं लागतं. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं खात्याला जोडा. पुण्यातच लॉगिन करा आणि नंतर लॉगआउट करू नका, कारण पुन्हा शिरायला ओटीपी भारतीय नंबरावर येतो. भारतीय सिम रोमिंगसकट चालू ठेवा. इंटरनेटसाठी अमेरिकेचं ई-सिम आधीच घेऊन ठेवा. विमानतळावर वायफाय फुकट आहे, पण रस्त्याकडेला उभं राहून ड्रायव्हर शोधताना ते कितपत चालेल यावर भिस्त नको. अमेरिकेचा नंबर मिळाला की खात्यात लगेच बदला. तोवर ड्रायव्हरशी ॲपमधल्या चॅटवरच बोला. तो फोन करतो, तुमचा भारतीय नंबर रोमिंगवर वाजत बसतो आणि तुम्हाला कळतही नाही.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो नकाशावरच्या पिनचा. प्लेनो आणि फ्रिस्कोतल्या बऱ्याच घरांचं गॅरेज मागच्या गल्लीत उघडतं. फोनचं जीपीएस घराच्या मधोमध पिन टाकतं आणि ड्रायव्हर कधी मागच्या गल्लीत जाऊन उभा राहतो. तुम्ही पुढच्या दारात, तो मागे, आणि मधे कुंपण. साध्या उबरएक्समध्ये दोन मिनिटांनंतर थांबण्याचे पैसे लागायला लागतात आणि आणखी थोड्या वेळाने तो फेरी रद्द करून त्याचे पैसे तुमच्याकडून घेऊ शकतो. म्हणून पिन हाताने ओढून पुढच्या रस्त्यावर आणा आणि मेसेज टाका, "फ्रंट डोअर, नॉट अ‍ॅली." अपार्टमेंटमध्ये दुसरं दुखणं: फाटकाला कोड असतो आणि पंधरा इमारती एकसारख्या. मी सरळ भाडेकार्यालयासमोर, म्हणजे लीजिंग ऑफिसपाशी जाऊन उभा राहतो. ते फाटकाबाहेर असतं आणि बहुतेक ड्रायव्हरना ते ठाऊक असतं. उतरताना मात्र आत सोडायला सांगा आणि गेट कोड त्या वेळी तोंडी सांगा. गाडीत बसण्याआधी नंबरप्लेट बघा. ॲपमध्ये चार आकडी पिन सांगितल्यावरच फेरी सुरू होण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवा. बायको-मुलगी एकट्या जाणार असतील तर जरूर. टोलवे घेतला तर टोल भाड्यात मिळवला जातो, त्यात काही फसवणूक नाही.

मुलीचं सीट. टेक्सासमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला, ते चार फूट नऊ इंचांपेक्षा उंच नसेल तर, चाइल्ड सीट कायद्याने सक्तीचं आहे. उबर मागवली तरी सीट तुम्हीच न्यायचं. सीट नसेल तर ड्रायव्हर नकार देऊ शकतो, आणि त्याचं चूक नाही. भारतातून आणू नका, इथल्या मानकाचं लेबल त्यावर नसतं. भावाला आत्ताच सांगा. फ्रिस्कोतल्या मराठी घरांत मोठ्या झालेल्या मुलांची सीटं गॅरेजमध्ये पडलेली असतात. फक्त खाली किंवा मागे छापलेली मुदत संपलेली नाही ना, आणि अपघातातून गेलेलं सीट नाही ना, हे विचारा. तिचं वजन-उंची कळवा म्हणजे योग्य प्रकारचं मिळेल.

आता भावाचं. तो म्हणेलच, "अरे, मी येतो ना, उबर कशाला!" तुम्ही म्हणाल, "नको नको, त्रास कशाला," आणि शेवटी काहीच नक्की न ठरवता दोघं फोन ठेवाल. तसं करू नका. विमानतळावरून न्यायची मदत तेवढी घ्यायचीच. तिघांच्या सहा मोठ्या बॅगा असतील तर साध्या सेडानमध्ये सामान आणि माणसं दोन्ही मावत नाहीत. त्याच्याकडे मिनीव्हॅन आहे का, आधी विचारा. नसेल तर सरळ ठरवा: बायको आणि मुलगी भावाच्या गाडीत सीटसकट, तुम्ही बॅगा घेऊन मोठ्या गाडीच्या उबरएक्सएलमध्ये. कुणाचाही अपमान होत नाही.

डीएफडब्ल्यू विमानतळाला पाच टर्मिनल आहेत, ए ते ई. थेट परदेशातून आलात तर बहुतेक डी. पण शिकागो किंवा न्यूअर्कमार्गे येत असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं आणि डॅलसला तुम्ही देशांतर्गत प्रवासी म्हणून उतरता. युनायटेडने आलात तर ई ला. भाऊ सवयीने डी ला जाऊन उभा राहतो. त्याला शेवटच्या विमानाचा नंबर द्या, पहिल्याचा नाही. थेट आलात तर उतरल्यापासून बाहेर यायला दीड-दोन तास धरा. मेसेज दोनच: "उतरलो" आणि "बॅगा मिळाल्या, बाहेर येतोय." पहिल्या मेसेजनंतर त्याने टोलनाक्याजवळच्या सेलफोन लॉटमध्ये, म्हणजे न्यायला आलेल्या गाड्यांच्या थांब्यावर येऊन थांबावं, दुसऱ्यानंतर टर्मिनलला. कर्बवर गाडी लावून थांबू देत नाहीत. बाहेर आल्यावर दरवाजाच्या खांबावरचा नंबर वाचून त्याला सांगा. तासाभरात फोन लागला नाही तर मी उबर करून येतो, हेही आधीच ठरवून ठेवा. विमानतळ ते फ्रिस्को उबर साधारण 40 ते 60 डॉलर, पहाटे किंवा गर्दीत अधिक. 2025 च्या ऑक्टोबरपासून टर्मिनल बी पासून प्लेनोपर्यंत सिल्व्हर लाइन रेल्वेही आहे. ती पुढे एकट्याच्या प्रवासाला छान आहे, सहा बॅगांना नाही.

नंतर भावाकडे काय मागायचं आणि काय नाही, यात माझा नियम साधा आहे. जे पैशाने मिळतं ते मागू नये. किराणा इन्स्टाकार्टवर किंवा वॉलमार्टमधून घरपोच मागवा, ऑफिसला स्वतः जा. शनिवारी तो भारतीय किराण्यासाठी पटेल ब्रदर्सला किंवा कार्यसिद्धी हनुमान मंदिरात जातच असेल तर "जाताना आम्हाला घ्याल का" असं विचारा, आणि त्याच्या वेळेला फाटकाबाहेर तयार उभे राहा. त्याला यायचं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. इथे दोघंही नोकरी करतात, आणि शनिवार मुलांच्या पोहण्यात, चित्रकलेत आणि वाढदिवसांत जातो.

एक गोष्ट मात्र फक्त तोच देऊ शकेल, ती राखून ठेवा. लायसन्सच्या रस्त्यावरच्या परीक्षेला गाडी परीक्षार्थीने आणायची असते, विमा आणि नोंदणी चालू असलेली. भाऊ आला आणि त्याची गाडी मिळाली तर खासगी ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे वाचतात. लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, म्हणजे डीपीएसच्या भेटीच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून कागदपत्रं हातात आल्याच्या दिवशी तारीख घ्या. ती हातात आली की भावाला त्या दिवशी रजा जमेल का हे लगेच विचारा, आणि त्याच्या विम्यात दुसऱ्याने चालवलेली गाडी धरली जाते का, हेही त्याला विमा कंपनीकडे विचारायला सांगा.