वादविवाद स्पर्धेत 'शहरांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी हवी' या बाजूने बोलायचंय. स्पर्धा नाशिकलाच आहे आणि खंडनही भाषणातच घ्यायचंय. कसं मांडू?

कासव आणि पृथ्वीमातेचे अश्रू सोडून द्या. परीक्षक सकाळपासून तेच ऐकत बसलेले असतात. समोरच्याचा हुकमी पत्ता एकच असतो, 'बंदी कशाला, रिसायकल करा'. तो त्याच्याआधी तुम्हीच टाका. साधारण असं:

"विरोधी बाजूचे मित्र म्हणतील, दोष प्लॅस्टिकचा नाही, कचरा नीट न गोळा करणाऱ्यांचा आहे. चला, मग गोदाघाटावर कचरा वेचणाऱ्या एखाद्या मावशींच्या गोणीत डोकावू. पाण्याच्या बाटल्या दिसतील. भाजीची पातळ पिशवी शोधावी लागेल. कारण भंगारवाला वजनावर पैसे देतो. लिटरच्या बाटल्या पन्नासेक वेचल्या की किलो भरतो. पातळ पिशवी जेमतेम 5 ग्रॅमची, किलोला 200 लागतात, आणि त्याही चिखल नि निर्माल्याने बरबटलेल्या. त्या धुऊन वाळवायची मजुरीसुद्धा सुटत नाही. म्हणजे ती आळसामुळे मागे राहत नाही, उचलणं परवडत नाही म्हणून राहते. मग पहिल्या जोरदार पावसात गटारीच्या जाळीवर चिकटते, नाहीतर नासर्डीतून थेट गोदावरीत जाते. ज्याचं रिसायकलिंग परवडतं त्याचं खुशाल करा. आम्ही बंदी मागतोय ती ज्याला भंगारातही गिऱ्हाईक नाही, त्यावर."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. त्यांनी तुमचा विषय आखून घेतला जातो आणि 'मग बिसलेरी पण बंद करा' हा टोमणा बोथट होतो.

दुसरा वार येईल: बंदी महाराष्ट्रात 2018 पासून आहे, केंद्रानेही 1 जुलै 2022 पासून कप, चमचे, स्ट्रॉवर घातली, तरी पिशवी मिळतेच. हे नाकारू नका, हसं होईल. उलट विचारा, पकडलं कुणाला जातं? राज्याच्या नियमात पहिल्याच गुन्ह्याला 5000 रुपये दंड आहे. तो हातगाडीवरच्या भाजीवालीला भरायला लावला तर तिची कित्येक दिवसांची कमाई गेली, आणि पिशव्यांचा गठ्ठा पुरवणारा घाऊक व्यापारी मोकळाच. "बंदी उत्पादन आणि गोदामापाशी राबवा, गाडीपाशी नको" असं म्हटलंत की गरिबांचा मुद्दाही तुमच्याच पारड्यात येतो. माझ्या मते अख्ख्या भाषणातलं हे सगळ्यात जड वाक्य, तिथे जरा थांबा.

कापडी पिशवीची आरती मात्र ओवाळू नका. कापसाला पाणी आणि खत भरपूर लागतं. नवी सुती पिशवी घेऊन चार वेळा वापरून टाकली तर हिशेब उलटा पडतो, आणि तयारीचा स्पर्धक तो मांडतोच. म्हणून जुन्या साडीची किंवा पँटची शिवलेली पिशवी म्हणा. तिचा कापूस आधीच पिकून, वापरून झालेला असतो. हे एका वाक्यात उरका, कारण वेळ भंगाराच्या हिशेबालाच लागणार आहे.