प्रात्यक्षिकातील मोजणी: वाचकांचे तीन प्रश्न

पनीरच्या नमुन्यात 10⁻³ च्या प्लेटांवर 214 व 228, तर 10⁻⁴ च्या प्लेटांवर 26 व 31 वसाहती होत्या. दोन्ही विरलनांची सरासरी घेऊन 2.5×10⁵ लिहिले, पण गुण कापले. का?

25 ते 250 हा नियम धरला तर चारही प्लेटा मोजणीत येतात. मात्र दोन सरासरींची पुन्हा सरासरी काढली की 57 वसाहतींना 442 वसाहतींइतकेच वजन मिळते, आणि कमी वसाहतींच्या प्लेटांमध्ये योगायोगाचा वाटा अधिक असतो. म्हणून सर्व वसाहतींची बेरीज करून तिला प्लेटांमध्ये प्रत्यक्ष गेलेल्या पनीरच्या वजनाने भागावे. प्रत्येक प्लेटेत 1 मिली विरलन ओतले असेल, तर पहिल्या जोडीत 0.002 आणि दुसरीत 0.0002 ग्रॅम पनीर गेले.

499 ÷ 0.0022 = 2,26,818

दोन सार्थ अंकांत हे 2.3×10⁵ सीएफयू प्रति ग्रॅम होते. स्प्रेड प्लेटवर 0.1 मिली पसरवले असते, तर याच वसाहतींचे उत्तर दहापट झाले असते; म्हणून प्रश्नातील मिलीचा आकडा आधी पाहावा.

तीन नळ्यांच्या एमपीएनमध्ये 3-1-0 आले. तक्त्यात 43 आहे, उत्तरपत्रिकेत 430. छपाईची चूक आहे का?

बहुधा नाही. नेहमीच्या तक्त्यातील 43 हा आकडा नळ्यांत 0.1, 0.01 आणि 0.001 ग्रॅम पदार्थ गेला असेल तेव्हाचा आहे. तुमच्या प्रश्नात 10⁻², 10⁻³ आणि 10⁻⁴ विरलनांचे 1-1 मिली घातले असल्यास पदार्थ दहापट कमी गेला, त्यामुळे उत्तर 430 प्रति ग्रॅम. या पद्धतीची ढोबळताही ध्यानात असावी: 43 च्या 95 टक्के विश्वास-मर्यादा साधारण 9 ते 180 इतक्या पसरट आहेत.

नळी वाचतानाही घोटाळा होतो. लॉरिल ट्रिप्टोज ब्रॉथ नुसता गढूळ झाला म्हणून नळी धन ठरत नाही. आतल्या उलट्या डरहॅम नळीत वायू साचलेला दिसायला हवा. तो बुडबुडा निर्जंतुकीकरणानंतर राहिलेल्या हवेचा नाही, हे पेरणीपूर्वीच तपासावे, कारण नंतर फरक सांगता येत नाही.

पाश्चरीकृत दुधात कोलिफॉर्म आढळले, तर निष्कर्षात ‘विष्ठेचे प्रदूषण’ लिहावे का?

तेवढ्यावरून लिहू नये. 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवलेल्या दुधात कोलिफॉर्म तगत नाहीत, म्हणून ते बहुधा नंतर, भरणी यंत्रातून किंवा नीट न धुतलेल्या नळ्यांमधून आलेले असतात. फॉस्फटेज चाचणी ऋण असेल, तर तापवणे पुरेसे झाले होते आणि दोष पुढच्या टप्प्यात आहे, असे म्हणता येते. कोलिफॉर्ममधील एंटरोबॅक्टर माती व वनस्पतींवरही आढळतो. विष्ठेचा संशय मांडायचा तर ई. कोलायपर्यंत जावे लागते. ईएमबी आगरवरील हिरवट धातुई झळाळी हा केवळ इशारा समजावा आणि शुद्ध वसाहतीवर इम्विक चाचण्या करून + + − − हा नमुना पाहावा.